सहाव्या वर्षी येणारी दाढ

मुलांचे दुधाचे दात पडू लागले की घरात त्याची चर्चा होते. पुढचा दात हलतोय, उंदराला द्यायचा की छपरावर टाकायचा, नवा कधी येणार, सगळ्यांचं लक्ष पुढच्या दातांकडे. त्याच सुमारास, कधी त्याच्याही आधी, तोंडाच्या पार मागच्या कोपऱ्यात एक दाढ गुपचूप हिरडीतून वर येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडलेला नसतो, त्यामुळे नवीन काही आलंय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. वर्ष-दीड वर्षानं ती काळी पडली म्हणून आईवडील मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, "दुधाचीच आहे ना डॉक्टर, पडेलच ती." ती पडणार नसते. ती पहिली कायमची दाढ असते आणि तिला पुढची साठ-सत्तर वर्षं काम करायचं असतं.

ओळखायला सोपी आहे. दुधाच्या दातांत जबड्याच्या एका बाजूला पाचच दात असतात. पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत जायचं. सहावा दात दिसला तर तो कायमचा. अशा चार दाढा, वर दोन आणि खाली दोन, साधारण सहाव्या वर्षाच्या आगेमागे येतात. मुलांच्या कायमच्या दातांत सगळ्यात जास्त किडतात त्या याच. दात कसा किडतो हे समजून घ्यायचं तर हीच दाढ समोर ठेवणं चांगलं, कारण किडीला लागतं ते सगळं हिच्यापाशी एकत्र सापडतं.

या दाढेची जडणघडण बाळाच्या जन्माच्या सुमारास जबड्यात सुरू होते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिचा वरचा भाग घडून तयार असतो. त्यावरचं एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबानं त्यात सुमारे 96 टक्के खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बारीक स्फटिक. हे एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात तोंडात येता येताच संपून जातात. म्हणून हाड मोडलं तर आतून भरून येतं तसं एनॅमल भरून येत नाही. त्याची डागडुजी होते, पण बाहेरून, लाळेतून. लाळेत विरघळलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट एनॅमलच्या सूक्ष्म फटींतून आत शिरतं आणि स्फटिकांवर बसतं. नुकत्याच उगवलेल्या दाताचं एनॅमल अजून कच्चं, जास्त सच्छिद्र असतं. तोंडात आल्यावर पहिली एक-दोन वर्षं ते लाळेतली खनिजं घेत पक्कं होत जातं. म्हणजे दाढ सगळ्यात नाजूक असते ती नेमकी नवी असताना.

त्यात हिची बांधणी अडचणीची. चावण्याच्या पृष्ठभागावर उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खोल खाचा असतात. कित्येक खाचांची रुंदी एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच असते. ब्रशचा केस त्याहून जाड. शिवाय दाढ पूर्ण वर यायला वर्षभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढा काळ तिच्या मागच्या भागावर हिरडीची एक झालर असते आणि शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा ती खालच्या पातळीला असते. ब्रश पुढून मागे फिरवला की तो दुधाच्या दाढेवरून सरळ पुढे जातो, हिला स्पर्शही करत नाही. समोरची दाढ अजून जुळलेली नसल्यानं चावण्यानं होणारी घासाघीसही इथे होत नाही. एकदा बसलेला थर बसूनच राहतो.

हा थर म्हणजे प्लाक. दात स्वच्छ घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचं एक पातळ अस्तर त्यावर बसतं. त्या अस्तराला चिकटून जिवाणूंची वस्ती सुरू होते. एक मिलिग्रॅम प्लाकमध्ये दहा कोटींहून अधिक जिवाणू असतात. यातले बहुतेक निरुपद्रवी. तोंडात त्यांनी राहावं हे ठीकच आहे. जिभेचं टोक दातावर फिरवलं आणि बुळबुळीत लागलं तर तो प्लाक. डोळ्यांनी बघायचा असेल तर मुलाच्या हिरडीलगत नखाने हळूच खरवडून पाहा, पांढरट-पिवळी पेस्टसारखी वस्तू नखावर येते. ती अन्नाचा कण नव्हे. अन्नकण चूळ भरल्यावर निघून जातो, प्लाक चुळीने जात नाही.

1890च्या सुमारास बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं काढलेले दात, पाव आणि लाळ एकत्र ठेवून पाहिलं. दात मऊ पडले. लाळ उकळून घेतली तेव्हा तसं झालं नाही. अर्थ उघड होता. लाळेतले जिवाणू पिष्टापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचं खनिज विरघळवतं. दात कुठला किडा पोखरत नाही, तो आम्लात विरघळतो, हे मिलरनं दाखवून दिलं. त्यानंतर 1924 साली लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक जिवाणू वेगळा केला, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. याच्यात दोन गुण एकत्र आहेत. साखरेपासून तो झपाट्यानं आम्ल करतो आणि स्वतः त्या आम्लात तग धरतो. शिवाय साधी साखर, म्हणजे आपण चहात घालतो ती, मिळाली की तिच्यापासून तो चिकट डिंकासारखा पदार्थ विणतो आणि त्याच्या आधारानं प्लाक दाताला घट्ट चिकटतो. मात्र सगळा दोष या एकट्यावर टाकणं बरोबर नाही. आम्ल करणारे इतरही आहेत. पुन्हा पुन्हा साखर मिळत गेली की प्लाकमध्ये आम्ल सोसणाऱ्यांची संख्या वाढते आणि बाकीचे मागे पडतात. किडीला बाहेरून जंतू यावा लागत नाही, घरातल्यांचीच सत्ता बदलते.

मिलरनंतर पन्नासएक वर्षांनी रॉबर्ट स्टीफन या संशोधकानं हे जिवंत माणसाच्या तोंडातच मोजलं. ग्लुकोजच्या पाण्यानं चूळ भरायला लावायची आणि प्लाकमधली आम्लता दर काही मिनिटांनी बघायची, एवढाच प्रयोग. दोन ते पाच मिनिटांत पीएच सातच्या आसपासून पाचपर्यंत खाली येतो. पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट, त्यामुळे सातवरून पाच म्हणजे शंभरपट आम्ल. नंतर तो हळूहळू वर चढतो, पण पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही उतरती-चढती रेघ काढावी लागते.

या रेघेवर 5.5 हा आकडा महत्त्वाचा. त्याच्या वर असताना लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की एनॅमलमधून काही बाहेर पडत नाही, उलट आत बसू शकतं. खाली गेलं की तराजू उलटतो आणि एनॅमलमधून खनिज बाहेर पडू लागतं. दिवसभर हे चालूच असतं. थोडं जातं, थोडं परत येतं. खाल्लं की जातं, मधल्या काळात येतं. दात किडतो तो एकदा गोड खाल्ल्यानं नव्हे, रोजचा हिशेब महिनोन्महिने तुटीत राहिल्यानं.

म्हणूनच किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याला जास्त वजन आहे. याचा सगळ्यात ठोस पुरावा ज्या अभ्यासातून आला तो आज कोणी करू देणार नाही. दक्षिण स्वीडनमध्ये लुंडजवळच्या विपेहोल्म रुग्णालयात 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात मतिमंद रुग्णांना वेगवेगळ्या पद्धतीनं गोड खायला दिलं गेलं. त्यांची संमती घेतली नव्हती. ज्यांना जेवणाबरोबर साखर मिळाली त्यांच्या दातांची कीड फारशी वाढली नाही. ज्यांना जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफी मिळाल्या, त्यांचे दात भराभर किडले. निष्कर्ष दंतवैद्यक आजही वापरतं, पद्धत मात्र लाजिरवाणी होती आणि तसं म्हटलं पाहिजे.

आता आपल्याकडच्या एका सात वर्षांच्या मुलीचा दिवस घेऊ. सकाळी सातला साखर घातलेलं दूध आणि बिस्किटं. दहाला छोट्या सुट्टीत पुन्हा बिस्किटं. एकला जेवण. साडेतीनला शाळेतून येताना गोळी. पाचला दूध-बिस्किट. साडेसहाला पाकिटातला फळांचा रस. साडेआठला जेवण. दहाला झोपताना गोड दूध. आठ वेळा खाणं झालं. शेवटचं सोडून सात वेळांना प्रत्येकी चाळीस मिनिटं धरली तरी दाढा जवळजवळ पावणेपाच तास आम्लात. झोपतानाच्या दुधाला चाळीस मिनिटांचा हिशेब लागू होत नाही. लाळ आम्ल धुऊन काढते, तिच्यातला बायकार्बोनेट ते निवळवतो, आणि झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दहा वाजता पडलेला पीएच वर चढायला मध्यरात्र होऊ शकते. तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी तेवढीच साखर चार वेळांत खाते, मधल्या सुट्टीत तिच्या डब्यात उसळ किंवा शेंगदाणे असतात, आणि रात्रीच्या जेवणानंतर ती दात घासून फक्त पाणी पिते. तिच्या दाढा दोन तास चाळीस मिनिटं आम्लात, बाकी सगळा वेळ भरून काढायला मोकळा. हिशेब ढोबळ आहे, पण दोघींच्या दाढांमधला फरक दोन वर्षांत दिसतो.

बिस्किटांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पालक चॉकलेट लपवून ठेवतात आणि बिस्किटाचा पुडा मुलाच्या हाताला लागेल असा ठेवतात. दातांच्या दृष्टीनं बिस्किट वाईट. भाजलेलं पीठ आणि साखर यांचा लगदा दाढेच्या खाचांत जाऊन बसतो आणि तिथून लवकर निघत नाही. चॉकलेट विरघळून तरी जातं.

एनॅमलमध्ये कीड सुरू होते ती खड्ड्यानं नव्हे. सुरुवातीला दिसतो एक खडूसारखा पांढरा ठिपका, तोही लगेच दिसत नाही. मूल खुर्चीत बसलं की आम्ही आधी दाढ ब्रशनं स्वच्छ करतो, कापूस ठेवतो आणि हवेच्या झोतानं पाच सेकंद सुकवतो. ओली असताना नितळ दिसणारी दाढ सुकता सुकता खाचेच्या कडेला पांढुरकी होते. कारण प्रकाशाचं आहे. ठिपक्यात एनॅमल सच्छिद्र झालेलं असतं. छिद्रांत पाणी असतं तोवर प्रकाश फारसा विखुरत नाही, छिद्रांत हवा शिरली की तो विखुरतो आणि पांढरेपणा उमटतो. पांढरा पंचा ओला असताना आरपार दिसतो आणि वाळला की पुन्हा पांढरा, तसंच हे. सुकवल्यावरच दिसणारा ठिपका म्हणजे अगदी सुरुवात. ओल्या दातावरही दिसू लागला तर मामला खोल गेलेला.

या ठिपक्याची खरी मौज आतल्या बाजूला आहे. वरचा अगदी पातळ थर जवळजवळ शाबूत असतो आणि खनिज कमी झालेलं असतं ते त्याच्या खाली. आम्ल वरच्या थरातून झिरपत आत जातं, तिथलं खनिज बाहेर येतं आणि बाहेर येताना त्यातलं काही वरच्या थरातच पुन्हा बसतं. म्हणून छत टिकून राहतं. ते टिकलं आहे तोवर कीड मागे फिरू शकते. पूर्वी दंतवैद्य टोकदार सळी खाचेत दाबून ती अडकते का बघत. आता तसं करू नये असं शिकवतात, कारण त्या टोकानं छतच फुटतं आणि भरून येऊ शकणारी जागा खड्डा होऊन बसते. आजच्या तपासणीत लहान गोल टोकाची सळी वापरतात, तीही फक्त हळूच फिरवायला. तुमच्या मुलाच्या दाढेत कोणी टोकदार हत्यार जोरानं रोवत असेल तर थांबवून विचारायला हरकत नाही.

छत कोसळलं की गोष्ट बदलते. आतल्या डेंटिनमध्ये खनिज सुमारे 70 टक्केच असतं आणि ते बारीक नळ्यांनी भरलेलं असतं. एनॅमलच्या मानानं ते कमी आम्लातही विरघळतं आणि तिथे कीड आडवी पसरते. खाचेत वरून टाचणीच्या टोकाएवढं काळं छिद्र दिसतं आणि खाली मोठी पोकळी असते. एनॅमलमध्ये नस नसल्यानं इथवर काही दुखत नाही. थंड पाणी लागलं, गोड लागलं, रात्री ठणकलं, अशी तक्रार मूल करतं तोपर्यंत कीड बऱ्याच आत पोहोचलेली असते. 'दुखत नाही म्हणजे ठीक आहे' या हिशेबानं चालणाऱ्यांचं गणित इथे हमखास चुकतं. आणि हेही खरं की एकदा पडलेला खड्डा कोणत्याही पेस्टनं भरत नाही. तो भरावाच लागतो.

पांढऱ्या ठिपक्याच्या टप्प्यावर मात्र खूप काही करता येतं आणि तिथेच फ्लोराइडचं काम सुरू होतं.

फ्लोराइडची गोष्ट सुरू झाली दातांवरच्या डागांपासून. 1901 साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे आला, तेव्हा गावात जन्मलेल्या मुलांचे दात तपकिरी डागांनी भरलेले त्याला दिसले. दात विद्रूप होते, पण किडलेले आश्चर्यकारकपणे कमी. कारण पाण्यात असणार असं त्याला वाटत राहिलं. ते सापडलं 1931 मध्ये, एका ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञानं पाणी तपासलं तेव्हा. पाण्यात फ्लोराइड जास्त होतं. पुढे ट्रेंडली डीन यांनी अनेक गावांची पाहणी करून दाखवलं की दर लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर डाग जवळजवळ पडत नाहीत आणि कीड मात्र कमी राहते. जानेवारी 1945 मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घातलं.

त्या काळी समज असा होता की फ्लोराइड पोटात जाऊन घडत असलेल्या दातात मुरतं आणि त्यानं दात टणक होतात. आज माहीत आहे की त्याचं मुख्य काम तोंडातच, दाताच्या पृष्ठभागावर होतं. फ्लोराइडचं प्रमाण लाळेत आणि प्लाकमध्ये दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी असलं तरी पुरतं. पीएच पडून एनॅमलचं खनिज सुटायला लागलं की तिथे असलेलं फ्लोराइड स्फटिकांना चिकटतं आणि त्यांचं विरघळणं मंदावतं. पीएच परत वर चढताना तेच कॅल्शियम आणि फॉस्फेट यांना पुन्हा बसायला मदत करतं, आणि जो नवा थर बसतो त्यात फ्लोराइड असतं. तो मूळ एनॅमलपेक्षा आम्लाला जास्त पुरून उरतो. मूळ स्फटिक 5.5ला विरघळू लागतात तर फ्लोराइडयुक्त स्फटिकांसाठी पीएच साडेचारच्या आसपास जावा लागतो. ठिपका भरून आला की तिथे उरतो तो मूळच्यापेक्षा चिवट दात. शिवाय पेस्टमधलं थोडं फ्लोराइड कॅल्शियमशी जुळून प्लाकमध्ये आणि दातावर साठून राहतं. आम्ल वाढलं की हा साठा विरघळतो, म्हणजे हवं त्याच वेळी फ्लोराइड हजर होतं.

त्यासाठी एकच अट आहे. ते तोंडात रोज, थोडं थोडं, टिकून असायला हवं. वर्षातून एकदा भरपूर देऊन भागत नाही.

ब्रश आणि पेस्ट यांचं नातं यातून कळतं. ब्रशनं प्लाक निघतो हे खरं, पण घरातला ब्रश सगळा प्लाक कधीच काढत नाही, खाचांतला तर नाहीच. फ्लोराइड नसलेली पेस्ट किंवा नुसता ब्रश घेऊन घासल्यानं कीड कमी होते याला पुरावा तोकडा आहे. हिरड्यांना त्याचा फायदा होतो, तो वेगळा. फ्लोराइडयुक्त पेस्टनं मुलांच्या कायमच्या दातांची कीड सरासरी सुमारे 24 टक्क्यांनी कमी होते, असा अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. किडीच्या बाबतीत ब्रश हे मुख्यतः फ्लोराइड दातापर्यंत पोहोचवण्याचं साधन आहे. राखुंडी, मीठ, कोळसा, लवंगतेल यांचे समर्थक रागावतील, पण त्यांच्यात फ्लोराइड नाही. मिश्रीचं तर नावच नको, ती भाजलेली तंबाखू आहे.

मग पेस्टमध्ये फ्लोराइड किती? भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार पेस्टमध्ये जास्तीत जास्त 1000 पीपीएम फ्लोराइड चालतं आणि तो आकडा नळीवर छापावा लागतो. 1000 पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. इथे एक रासायनिक बारकावा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पेस्टमध्ये घासण्यासाठी खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असतो. त्यात साधं सोडियम फ्लोराइड घातलं तर खडूतलं कॅल्शियम ते नळीतच बांधून टाकतं आणि दातासाठी काही उरत नाही. म्हणून अशा पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट घालतात. त्यातलं फ्लोराइड फॉस्फेटला जोडलेलं असतं आणि तोंडातल्या विकरांनी ते सुटतं. नळी जुनी झाली की हा साठाही कमी होत जातो, म्हणून मुदत संपलेली पेस्ट वापरू नये.

जाहिरातीत ब्रशवर जी लांबलचक लाट दाखवतात ती एक ग्रॅमहून जास्त असते. मुलाला त्याची गरज नाही. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे 0.1 ग्रॅम, पुरते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, सुमारे 0.25 ग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट मुलानं पूर्ण गिळली तरी पोटात जातं पाव मिलिग्रॅम फ्लोराइड.

हा आकडा का सांगितला, तर फ्लोराइडबद्दलची भीती आपल्याकडे अनाठायी नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. तिथल्या मुलांचे दात खडूसारखे पांढरे, पट्टेदार, कधी तपकिरी होतात, आणि वर्षानुवर्षं असं पाणी प्यायलं तर हाडांवरही परिणाम होतो. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला एक मिलिग्रॅमची मर्यादा भारतीय मानकात आहे, पर्यायी स्रोत नसेल तर 1.5पर्यंत चालतं. तीन मिलिग्रॅमचं पाणी दिवसाला एक लिटर प्यायलं तर तीन मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जातं. वाटाण्याएवढ्या पेस्टच्या बारापट. अशा गावात पेस्ट बंद करण्यापेक्षा पाणी बदलणं आधी व्हायला हवं, आणि लहान मुलांची पेस्ट वर दिलेल्या मापातच राहावी. दाताचा हा दोष फक्त दात घडत असताना, साधारण आठ वर्षांच्या आत होतो. पुढच्या कायमच्या दातांना सगळ्यात धोका असतो तो पहिल्या तीन वर्षांत, म्हणून त्या वयात माप पाळायचं.

घासायचं कसं? सकाळी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा, दोन मिनिटं. आपल्याकडे सकाळचं घासणं अंगवळणी आहे, रात्रीचं नाही. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर मी रात्रीचं निवडेन, कारण झोपेत लाळ कमी असते आणि फ्लोराइड धुऊन जायला वेळ लागतो. घासून झाल्यावर फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही. आपल्या सवयीला हे पटत नाही. खळखळून तीन-चार चुळा भरल्याशिवाय दात घासल्यासारखं वाटत नाही. पण चूळ भरली की दातावर राहायला हवं तेच वाहून जातं. थुंकल्यावर तोंडात राहिलेला पेस्टचा किंचित अंश हाच रात्रभराचा फायदा. फारच चिकट वाटलं तर ओंजळीत घोटभर पाणी घेऊन एकदाच.

सहाव्या वर्षी आलेल्या दाढेसाठी मात्र ब्रश वेगळा धरायचा. पुढून मागे न फिरवता, गालाच्या बाजूनं ब्रश तोंडात आडवा घालून त्याचं टोक दाढेवर ठेवायचं आणि गालाकडून जिभेकडे छोटे छोटे फेरे घालायचे. तोंड पूर्ण उघडलेलं असलं की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागा उरत नाही, म्हणून मुलाला तोंड अर्धवट मिटायला सांगायचं. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम मोठ्या माणसानं करावं. मुलाचं मनगट तेवढं वळत नाही.

ब्रश पोहोचत नाही त्या खाचांसाठी दंतवैद्य सीलंट घालतात. खाच स्वच्छ करून, सुकवून त्यात द्रव प्लास्टिकसारखा पदार्थ भरतात, निळ्या प्रकाशानं तो घट्ट होतो. भूल लागत नाही, दात कोरावा लागत नाही. दाढ पुरेशी वर आली की, साधारण सात-आठ वर्षांच्या दरम्यान, हे करून घेतलेलं बरं. दाढ अजून अर्धवट असेल आणि पांढरा ठिपका दिसत असेल तर फ्लोराइडचं वॉर्निश लावतात. त्यात 22,600 पीपीएम फ्लोराइड असतं, पण थेंबभरच लागतं आणि ते दर तीन ते सहा महिन्यांनी लावतात. दोन दाढांमधल्या फटीला ना ब्रश पुरतो ना सीलंट, तिथे फ्लॉसचा दोराच लागतो.

पुढच्या वेळी दुकानात पेस्ट घेताना नळी उलटी करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. फ्लोराइडचा आकडा हजाराच्या आसपास असेल तर घ्या. आकडा छापलेलाच नसेल, तर पुढच्या बाजूला कितीही पानं, मुळं आणि लवंगा रंगवलेल्या असोत, ती नळी मुलांसाठी घेऊ नका.